पाय जमिनीला टेकत नाहीत: एका मुखपृष्ठाच्या कंपोझिटच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५

काम दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं आहे. नऊवारी नेसलेली, हातात निरांजनाचं ताट धरलेली स्त्री वाड्याच्या फरसबंद चौकात उभी दिसायला हवी. ती स्टुडिओत टिपलेली आहे आणि चौक वेगळ्या दिवशी. संपादकांना मागचा वाडा मऊ, धूसर हवा आहे, एफ/२ ला टिपल्यासारखा.

दोन्ही फोटो ५० मिमी लेन्सचे, फुल फ्रेमचे, उभे, ४००० × ६००० पिक्सेल. चौकात कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स जमिनीपासून १ मीटर, लेव्हल सरळ, अ‍ॅपर्चर एफ/११. फोकस ४ मीटरवर, जिथे ती उभी असणार तिथे खडूची खूण करून. स्टुडिओतही तीच लेन्स, तीच १ मीटर उंची, तेच ४ मीटर अंतर, फक्त अ‍ॅपर्चर एफ/८. उंची आणि अंतर जुळवून ठेवल्यामुळे परस्पेक्टिव्हची भांडणं वाचली. टेपने मोजलेली बाकीची अंतरं: तुळशीवृंदावन ६ मीटर, मागच्या ओसरीचं जोतं आणि खांब १० मीटर, माजघराच्या दाराआडचा अंधार साधारण १४ मीटर.

पहिला कच्चा मसुदा नेहमीच्या रीतीने केला. चौकाला सरसकट गाऊसियन ब्लर २०, वर कटआउट, पायाखाली मऊ सावली. बाई चौकात उभी नाही, चौकासमोर टांगलेली दिसते. सावली गडद केली, मग मोठी केली, तरी तसंच.

९ सप्टेंबर

दोष नेमका कुठे आहे ते शोधायला फोटो कंबरेपासून वर क्रॉप केला. तेवढा भाग बिनचूक वाटतो. पाय दिसेपर्यंत क्रॉप खाली नेला की बाई हवेत जाते. म्हणजे धारदार माणसामागे धूसर भिंत असणं हा प्रश्नच नाही, कुठलंही पोर्ट्रेट तसंच असतं. प्रश्न तळव्याला लागून असलेल्या फरशीचा आहे.

जोडवी धारदार दिसतात, त्यांची टाचणीएवढी चमकही दिसते. त्यांच्या खालच्याच फरशीचा सांधा मात्र पसरलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच अंतरावर असत्या तर लेन्सने दोघींना सारखंच टिपलं असतं. सारखं टिपलेलं नाही, म्हणून डोळा निष्कर्ष काढतो की पाय वेगळ्या अंतरावर आहेत. सावलीने हा निष्कर्ष बदलत नाही, कारण सावलीही त्याच धूसर फरशीवर पडलेली आहे. फरसबंदीत ही चूक जास्त बोचते. प्रत्येक सांधा ही एक आयती मोजपट्टी असते. मातीचं अंगण असतं तर कदाचित खपून गेलं असतं.

तेव्हा हवं ते असं: पायाच्या ओळीत फरशी पूर्ण धारदार, तिथून मागे आणि पुढे दोन्हीकडे धूसरपणा वाढत जाणारा, आणि तो किती वाढावा हे लेन्सच्या हिशेबाने ठरलेलं.

१० सप्टेंबर

हिशेब. फोकसबाहेरचा एक बिंदू सेन्सरवर चकती होऊन पडतो. त्या चकतीचा व्यास:

```
c = f² / (N × (s − f)) × |1 − s/d|
```

`f` फोकल लांबी, `N` अ‍ॅपर्चरचा आकडा, `s` फोकसचं अंतर, `d` त्या वस्तूचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. ५० मिमी, एफ/२ आणि ४ मीटर घातले की पहिला भाग ०.३१६ मिमी येतो. आपल्या फोटोत १ मिमी म्हणजे १६७ पिक्सेल (६००० भागिले ३६). म्हणजे अनंत अंतरावरच्या बिंदूची चकती जवळपास ५३ पिक्सेलची. बाकीच्या वस्तू तिच्या प्रमाणात: वृंदावन एक तृतीयांश, म्हणजे १८ पिक्सेल, ओसरीचे खांब ३२, माजघराचा अंधार ३८.

जमिनीचं गणित याहून सोपं निघालं. कॅमेरा १ मीटर उंचीवर असल्यामुळे `d` मीटरवरची फरशी क्षितिजरेषेच्या खाली ८३३३ ÷ d पिक्सेलवर पडते. क्षितिज ३००० व्या ओळीवर आहे, म्हणून ४ मीटरवरचे पाय ३००० + २०८३ = ५०८३ व्या ओळीवर. वरच्या सूत्रातही `d` छेदातच आहे. दोन्ही एकत्र केली की `d` उडून जातो आणि उरतं एवढंच: सपाट जमिनीवर धूसरपणा ओळींच्या हिशेबाने सरळ रेषेत वाढतो. पायाच्या ओळीवर शून्य, क्षितिजावर ५३, पायाखालून फ्रेमच्या तळाकडे जाताना त्याच उताराने पुन्हा वाढून तळाशी २३.

म्हणजे डेप्थ मॅपसाठी, अंतर करड्या छटेत सांगणाऱ्या चित्रासाठी, साधा रेखीय ग्रेडियंट पुरतो. तो अंदाजाने ‘बरा दिसतो’ म्हणून नव्हे, सपाट जमिनीला तोच लागू पडतो म्हणून. कॅमेरा थोडा खाली झुकलेला असता तरी रेषा सरळच राहिली असती. फक्त क्षितिज फ्रेमच्या मध्यावर न राहता वर सरकलं असतं, आणि ते फरशीचे सांधे लांबवून जिथे मिळतात तिथे शोधावं लागलं असतं.

मूळ फोटो एफ/११ चा असल्याने त्यात आधीच थोडा धूसरपणा आहे, खांबांपाशी साधारण ६ पिक्सेल. दोन धूसरपणे वर्गांच्या बेरजेने जुळतात. ३२ च्या वर्गातून ६ चा वर्ग वजा केला तर वर्गमूळ ३१.४ येतं. सोडून दिलं.

११ सप्टेंबर

डेप्थ मॅप. किमती अशा ठरवल्या की क्षितिजाला ० आणि पायाच्या ओळीला १७०. मग फ्रेमच्या तळाशी २४५ येतात, २५५ च्या आत बसतात. याचाच दुसरा अर्थ असा की कुठल्याही वस्तूची किंमत म्हणजे ६८० भागिले तिचं मीटरमधलं अंतर. हे लक्षात ठेवायला सोपं आहे आणि पुढे रोज लागणार आहे.

फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलने करता येतं, पण स्मूदनेस शून्य नसेल तर मधला भाग सरळ येत नाही. म्हणून चार ओळी लिहून टाकल्या:

```python
import numpy as np
from PIL import Image
y = np.arange(6000)
v = np.clip(np.rint(170 * (y - 3000) / 2083), 0, 255)
m = np.repeat(v[:, None], 4000, axis=1).astype("uint8")
Image.fromarray(m).save("khol.png")
```

ही फाइल उघडून, सगळं निवडून, चौकाच्या फाइलमध्ये नव्या अल्फा चॅनलमध्ये चिकटवली. इन्फो पॅनेलमध्ये ५०८३ व्या ओळीवर १७० दिसतात का ते पाहिलं.

१२ सप्टेंबर

हा मॅप फक्त जमिनीचा आहे. जमिनीवर उभी असलेली वस्तू मात्र पायापासून शेंड्यापर्यंत एकाच अंतरावर असते, म्हणून तिला तिच्या बुडाशी असलेली किंमत संपूर्ण उंचीभर द्यायची. वृंदावनाला ६८० ÷ ६ = ११३, ओसरीच्या दर्शनी भागाला ६८, दाराआडच्या अंधाराला ४९. ओसरीच्या वरचं छप्परही ६८ मध्येच घेतलं.

हे न करता नुसता ग्रेडियंट ठेवला तर वृंदावनाचं बूड कमी धूसर आणि माथा जास्त धूसर येतो. त्याने वाडा खेळण्यातला, टेबलावर मांडलेला दिसू लागतो. टिल्ट लेन्सच्या फोटोंमध्ये दिसणारा हाच परिणाम. कुठल्या कंपोझिटमध्ये खांब वर जाताना मऊ होत गेलेले दिसले की मॅप कसा केला होता ते कळतं.

दुसरी अडचण वृंदावनाच्या कडेची. ते १८ पिक्सेलने पसरायचं आहे, त्यामागची भिंत ३२ ने. एकाच लेयरवर ब्लर केलं की भिंतीच्या चकत्या वृंदावनाचा गेरू स्वतःत ओढून घेतात आणि कडेभोवती तांबूस प्रभा उमटते. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. वृंदावन कापून वेगळ्या लेयरवर घेतलं, मागच्या चौकातून ते क्लोन करून पुसलं (नीटनेटकं पुसायची गरज नाही, तो भाग पुढे ब्लर होणारच आहे), आणि दोघांना स्वतंत्र ब्लर द्यायचं ठरवलं. पुसल्यावर तिथल्या मॅपमध्येही भिंतीची आणि जमिनीची किंमत परत भरली.

१५ सप्टेंबर

गाऊसियन ब्लर इथे चालत नाही. लेन्सची चकती काठापर्यंत सारखी भरलेली असते, गाऊसियन मध्ये दाट आणि काठाला विरळ. पणत्यांसारख्या तेजस्वी बिंदूंवर हा फरक लगेच कळतो. म्हणून `Lens Blur`, `Depth Map` च्या `Source` मध्ये आपला अल्फा चॅनल, `Blur Focal Distance` १७०. `Invert` बंद आहे ना ते बघायचं. प्रिव्ह्यूवर चुकून क्लिक झालं तर फोकसचा आकडा बदलतो, म्हणून ओके करण्याआधी तो पुन्हा वाचायचा.

राहिला `Radius`. या सरकपट्टीवरचा आकडा म्हणजे आपला चकतीचा व्यास, असं धरून चालणार नाही, मोजूनच घ्यावं लागतं. आधी काळ्या पानावर पांढरे ठिपके ठेवून पाहिलं. ५३ पिक्सेलच्या चकतीत तीन पिक्सेलचा ठिपका इतका पातळ होतो की दिसतच नाही. मग पान उभं अर्धं काळं, अर्धं पांढरं केलं आणि त्याच मॅपने ब्लर केलं. ब्लर झाल्यावर मधल्या सीमेचा करडा पट्टा डमरूसारखा दिसतो: पायाच्या ओळीवर मूठ, वर आणि खाली रुंद. प्रत्येक ओळीवर त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे तिथल्या चकतीचा व्यास. मोजताना पूर्ण काळ्याच्या पुढच्या पहिल्या पिक्सेलपासून पूर्ण पांढऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या पिक्सेलपर्यंत मोजायचं, कारण टोकांना पट्टा फार फिका असतो आणि नजर तो तोडते. क्षितिजापाशी रुंदी ५३ येईपर्यंत `Radius` हलवायचा, मग तळाशी २३ येतात का ते पडताळायचं. डमरूच्या कडा सरळ असतील तर फिल्टर आपल्या मॅपशी प्रामाणिक आहे.

ओसरीच्या कडेवरच्या पणत्या फोटोत आधीच २५५ ला जाऊन अडकल्या आहेत. खऱ्या ज्योती त्याहून कितीतरी उजळ असतात, त्यामुळे खऱ्या लेन्समध्ये त्या पसरूनही तेजस्वी राहतात. आपल्या ब्लरमध्ये त्या करड्या होतात. ज्योती वेगळ्या लेयरवर घेऊन, ब्लर करून, `Linear Dodge` मध्ये वर ठेवल्या आणि उजळल्या. २ सेंमीची ज्योत १० मीटरवरून स्वतःच १७ पिक्सेल उंच असते, त्यात ३२ ची चकती मिळून उंची सुमारे ४९ होते. त्याहून मोठे गोळे काढायचा मोह आवरायचा.

१६ सप्टेंबर

सावलीचा क्रम बदलला, आणि बाई जमिनीवर आली ती बहुतेक इथेच. आतापर्यंत सावली ब्लर झालेल्या चौकावर वरून रंगवली जात होती, तिची मऊ कड डोळ्याच्या अंदाजाने. आता ती धारदार मूळ फोटोवर, ब्लरच्या आधी रंगवली. एक पातळ, जवळजवळ काळी रेघ तळव्याला चिकटून, आणि मागे पडत जाणारी पसरट सावली वेगळी. मग दोन्हींसकट चौकाला `Lens Blur` दिलं. तळव्याची रेघ १७० वर असल्याने जशीच्या तशी राहते. मागे ५ मीटरपर्यंत गेलेलं सावलीचं टोक आपोआप ११ पिक्सेलने विरघळतं. फरशीचा सांधा आणि त्यावरची सावली सारख्याच मऊपणाने जातात. हाताने हे कधीच इतकं जुळत नाही.

१७ सप्टेंबर

आता कटआउट. एफ/८ ला टिपल्यामुळे ती नखशिखांत धारदार आहे. एफ/२ ला ती तशी आली नसती. फोकस चेहऱ्यावर ४ मीटरला धरला तर ३५ सेंमी पुढे धरलेलं ताट ५ पिक्सेलने पसरतं, पाठीमागे २५ सेंमीवर असलेलं पदराचं टोक ३ पिक्सेलने. आकडे लहान आहेत, पण ते नसले की माणूस पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो. ताट आणि पदर वेगळे लेयर करून तेवढंच ब्लर दिलं. ताटापासून मनगटापर्यंत ५ वरून १ वर उतरवलं. जोडव्यांना हात लावला नाही.

इथे एक चूक सहज होते. लेयरला मास्क तसाच ठेवून ब्लर केलं की रंग मऊ होतो आणि कड धारदारच राहते, आत मऊ ताट आणि बाहेर कात्रीची रेघ. मास्क आधी `Apply Layer Mask` करून लेयरमध्ये मुरवायचा, म्हणजे रंग आणि पारदर्शकता एकत्र पसरतात.

बाकीच्या कडेसाठी मोजमाप कटआउटमध्येच सापडतं. नऊवारीच्या काठावरची जरीची रेघ ४०० टक्के मोठी करून पाहिली, काळ्यापासून सोनेरीपर्यंत ती दोन पिक्सेलमध्ये बदलते. मग बाह्यकडही दोन पिक्सेलमध्येच बदलली पाहिजे. मास्कची कड जवळपास एकाच पिक्सेलची होती, तिला किंचित फेदर दिलं. मागचा वाडा मऊ आहे म्हणून कडही चार-पाच पिक्सेल मऊ करायची पद्धत चुकीची. माणसाची कड माणसाच्या अंतराची असते, भिंतीच्या नाही.

१९ सप्टेंबर

संपादकांकडून: अंकाचं नाव वर बसत नाही, बाईला थोडी मागे न्या. कटआउट नुसता वर सरकवून चालणार नाही. पाय ४९०० व्या ओळीवर नेले की अंतर ८३३३ ÷ १९०० = ४.३९ मीटर होतं, म्हणून आकार ९१ टक्के. ताळा सोपा आहे: कॅमेरा १ मीटरवर असल्याने क्षितिजरेषा तिला, ती कुठेही उभी असली तरी, जमिनीपासून १ मीटर उंचीवरच कापली पाहिजे. कापते.

फोकस तिच्याबरोबर मागे जातो. मॅप तोच राहतो, कारण अंतरं बदललेली नाहीत. `Blur Focal Distance` १७० वरून १५५. डमरूची चाचणी पुन्हा घेतली पाहिजे, आता क्षितिजाशी ४८ आणि तळाशी २८ यायला हवेत. मूळ धारदार चौकाची प्रत आणि सावलीचा लेयर जपून ठेवले होते म्हणून हे शक्य झालं. सावलीही ४९०० वर नेऊन पुन्हा ब्लर. वृंदावनाचं स्वतंत्र ब्लर १८ वरून १३, खांबांचं ३२ वरून २७, ताटाचं ५ वरून ४. यातलं एक जरी जुन्या आकड्यावर राहिलं तर तीच वस्तू वेगळ्या फोटोतून आणल्यासारखी दिसते. आज पणत्या विसरल्या होत्या, त्या खांबांपेक्षा मोठ्या चकत्यांमध्ये पसरलेल्या दिसत होत्या. दुरुस्त केल्या.

२० सप्टेंबर

शेवटचं राहिलं नॉइज. ब्लरने चौकातलं दाणेदारपण पुसून टाकलं. बाईच्या अंगावर ते आहे. खऱ्या फोटोत नॉइज सेन्सरवर, फोकसनंतर तयार होतं, त्यामुळे धूसर भिंत आणि धारदार चेहरा दोन्हींवर ते सारखंच असतं. गुळगुळीत भिंतीपुढे दाणेदार माणूस हा तरंगण्याचाच एक सूक्ष्म प्रकार आहे, छापल्यावर जास्त जाणवतो.

हिस्टोग्राम पॅनेलमध्ये `Std Dev` पाहिलं. स्टुडिओच्या सपाट करड्या पडद्याचा तुकडा २.४, चौकातल्या ब्लर झालेल्या गिलाव्याचा ०.५. तितक्याच उजेडाचे तुकडे निवडायचे, नाहीतर तुलना फसते. `Add Noise` गाऊसियन आणि `Monochromatic` ठेवून गिलावा २.४ ला येईपर्यंत वाढवलं. पायाच्या ओळीजवळच्या पट्ट्यात मूळ नॉइज शिल्लक आहे, तिथे दुप्पट होऊ नये म्हणून नॉइजचा लेयर मास्क केला: १५५ च्या आसपास काळा, दोन्हीकडे वेगाने पांढरा.

पाहणी १०० टक्क्यांवर, फक्त तीन जागी. तळवा आणि त्याला लागून असलेला फरशीचा सांधा सारखेच धारदार. वृंदावनाच्या कडेला प्रभा नाही. ताटाची कड आणि ताटातल्या फुलांची कड सारखीच मऊ. डाव्या टाचेमागे सावलीची रेघ दोन पिक्सेल सुटलेली सापडली, मूळ चौकात भरून ब्लर पुन्हा चालवलं. छपाईसाठी टिफ पाठवली, लेयरची फाइल, `khol.png` आणि डमरूचं पान एकाच फोल्डरमध्ये ठेवलं.